धुळीच्या आणि गाजरगवताच्या दिवसांत गालफडं जड, डोकं दुखतं: गोळ्या घ्याव्यात की नाकाचा स्प्रे?

मेघना_ता
बहिणीबद्दल विचारायचं आहे. वय ३४, तळेगाव दाभाड्याला राहते. दरवर्षी गणपती उठले की हिचं सुरू होतं आणि दिवाळीनंतर काही दिवसांनी आपोआप थांबतं. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, नाकातून पाण्यासारखी सर्दी, टाळू आणि डोळे खाजतात. दुपारपर्यंत शिंका कमी होतात, पण मग नाक चोंदतं आणि दोन्ही गाल, भुवयांच्या मधली जागा, डोळ्यांच्या मागे असा दाब येतो. खाली वाकलं की जास्त. ताप नाही.

सोसायटीच्या मागे रिकामा प्लॉट आहे, तिथे गाजरगवत कमरेएवढं वाढलंय. त्यात आता घराची साफसफाई काढली आहे.

एक्स-रे काढला, त्यात 'सायनसचं अस्तर जाड' असं लिहून आलं. डॉक्टरांनी फ्लुटिकासोनचा नाकाचा स्प्रे दिला होता. तिने चार दिवस मारला, फरक पडला नाही म्हणून ठेवून दिला. आता रोज एक डोकेदुखीची गोळी चालू आहे. शेजारी सांगतात, सायनस आहे, अँटिबायोटिकशिवाय जाणार नाही. काय करावं?

दत्ता_काका
मेघनाताई, हे सायनसच आहे. अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स करा, आतला पू सुकतो. सोबत रोज सकाळी जलनेती. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. नळाचं कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ, बस. स्प्रेची सवय लागते, त्याच्या नादी लागू नका. रात्री वाफ घ्या.

कानाघ_सांगली
काका, जलनेतीबद्दल तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. पाण्याबद्दल मात्र नाही, त्यावर खाली वेगळं लिहितो. आधी अँटिबायोटिकचं.

जंतुसंसर्गाचा सायनसायटिस असेल तर त्रास एका सर्दीतून सुरू होतो. तो दहा दिवसांनंतरही हटत नाही, किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटून पुन्हा उलटतो. घट्ट, पिवळा-हिरवा शेंबूड येतो, बऱ्याचदा एका बाजूला जास्त. वरच्या दाढा ठणकतात, ताप येऊ शकतो. मेघनाताईंनी लिहिलंय त्यात यातलं काही नाही. पाण्यासारखी सर्दी, खाज, शिंका, दोन्ही बाजूंना सारखं, दरवर्षी त्याच महिन्यांत: हे ॲलर्जीचं नाक आहे. त्यात मारायला जंतूच नाहीत, म्हणून अँटिबायोटिक काही करणार नाही. पाच दिवसांनी बरं वाटलं तरी ते बहुधा त्या आठवड्यात पाऊस पडून हवा धुतली गेल्यामुळे असतं. आणि नुसता रंग बदलला म्हणून जंतू झाले असंही नाही. नाकात साचून राहिलेला स्राव सकाळी पिवळट दिसतोच.

एक्स-रेमधलं 'अस्तर जाड' बाजूला ठेवा. ज्यांना काहीही त्रास नाही अशा माणसांच्या स्कॅनमध्येही ते दिसतं.

आता डोकं का दुखतं ते. पराग किंवा धूळ नाकात गेली की दोन टप्प्यांत गोष्टी घडतात. पहिला टप्पा काही मिनिटांचा: हिस्टामिन सुटतं आणि शिंका, खाज, पाणी सुरू होतं. दुसरा टप्पा चार ते आठ तासांनी येतो. रक्तातल्या दाहाच्या पेशी अस्तरात उतरतात, अस्तर सुजतं, नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचे मांसल उंचवटे फुगतात. सायनसची तोंडं या उंचवट्यांच्या आडोशाला उघडतात आणि ती मुळातच अरुंद असतात. ती मिटली की गालात, भुवईत, डोळ्यांमध्ये दाब वाटतो. बहिणीच्या शिंका सकाळी आणि जडपणा दुपारनंतर, हा क्रम त्यातूनच येतो. ज्या दिवशी माळा साफ केला त्या दिवशी नाही तर त्या रात्री डोकं जास्त दुखतं, हेही त्यामुळेच.

सायनसमधली हवा शोषली जाऊन पोकळी होते आणि म्हणून दुखतं, की सुजलेल्या अस्तरातल्या नसाच चिडतात म्हणून, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. मला दुसरं जास्त पटतं, कारण स्कॅनमध्ये सायनस पूर्ण मोकळे असूनही दाब सांगणारे खूप जण असतात.

औषधाच्या दृष्टीने मुद्दा असा: सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी पहिल्या टप्प्यावर चालते. शिंका आणि पाणी थांबवते, सुजेला फारसा हात घालत नाही. डोकेदुखीची गोळी काही तास दुखणं झाकते, सूज तशीच राहते. फ्लुटिकासोनसारखा स्टेरॉइडचा स्प्रे सूजच उतरवतो, म्हणून दाब त्यानेच जातो. पण त्याला वेळ लागतो. पहिला फरक साधारण बारा तासांत जाणवू शकतो, पूर्ण असर यायला एक ते दोन आठवडे. चार दिवसांत त्याच्यावर निकाल देता येत नाही, आणि मधेच एखादा दिवस 'आज बरं आहे' म्हणून सोडला तर घड्याळ पुन्हा मागे जातं.

शर्वरी_म
मी एवढंच सांगेन की मायग्रेनचा विचार सोडू नका. माझंही 'सायनस' म्हणून वर्षानुवर्षं चाललं होतं, नाक गळायचं, डोळ्यातून पाणी यायचं, गाल दुखायचा. शेवटी निघालं मायग्रेन. मायग्रेनच्या झटक्यातही नाक चोंदतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं म्हणणाऱ्या जवळजवळ तीन हजार लोकांपैकी सुमारे ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनची निघाली होती. तेव्हा मला वाटतं बहिणीलाही मायग्रेनच असणार.

कानाघ_सांगली
शर्वरीताई, आकडा बरोबर आहे, पण त्या पाहणीत ज्यांना ताप किंवा पू होता त्यांना आधीच वगळलेलं होतं. त्यामुळे इथे सरळ ८८ टक्के लावता येणार नाहीत. खाज आणि शिंकांची माळ मायग्रेनमध्ये नसते. मायग्रेनकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी वेगळ्या: मळमळ, उजेड नको वाटणं, जिना चढला तर वाढणं, ठोके पडल्यासारखं दुखणं, चार तास ते तीन दिवस टिकून मधे पूर्ण मोकळे दिवस. मेघनाताई, हे बहिणीला विचारून घ्या. दोन्ही एकत्र असणंही अजिबात दुर्मिळ नाही.

वेगळं ओळखायला सोपी रीत आहे. एका वहीत रोज सकाळी आणि संध्याकाळी दोनच आकडे लिहायचे: नाक किती चोंदलंय, शून्य ते दहा, डोकं किती दुखतंय, शून्य ते दहा. पेनकिलर घेतली तर खूण करायची. स्प्रे नीट चालू करून तीन आठवडे हे ठेवलं की दिसतं. नाकाचा आकडा उतरताना डोक्याचाही उतरला तर दुखणं नाकाचं. नाक दोनवर आलं आणि डोकं सातवरच राहिलं तर कारण दुसरं शोधायचं.

औषधपेढी_सातारा
स्प्रेचा फरक पडला नाही म्हणणाऱ्यांना मी दुकानात एकदा मारून दाखवायला सांगतो. बहुतेकांचं तिथेच कळतं. मान मागे टाकतात, नळी सरळ वर किंवा मधल्या पडद्याकडे धरतात आणि जोरात ओढतात. औषध सरळ घशात जातं. मारल्यावर घशाशी औषधाची चव किंवा वास आला की समजायचं, बरंचसं वाया गेलं. आणि रोज पडद्यावर मारलं तर पडदा कोरडा पडून रक्ताचे थेंब येतात, मग माणूस घाबरून बंद करतो.

बरोबर कृती अशी. आधी नाक हलकेच शिंकरून मोकळं करा. बाटली हलवा. नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर हवेत दाबून बारीक धुकं येईपर्यंत फवारे सोडा. मान किंचित पुढे, जमिनीकडे पाहत. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डाव्यासाठी उजव्या हातात. असं धरलं की नळी आपोआप पडद्यापासून लांब, बाहेरच्या बाजूला वळते. टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे असावं. दाबताना फुलाचा वास घेतो तेवढाच हळू श्वास आत. श्वास तोंडाने सोडा. पुढची दहा-पंधरा मिनिटं शिंकरू नका. टोक पुसून झाकण लावा.

मोठ्यांना सुरुवातीला बहुधा प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून एकदा, असं लिहिलेलं असतं. बरं वाटलं की एकेक. मुलांची मात्रा वेगळी, ती डॉक्टरांकडूनच घ्या.

काकांचा मुद्दा, सवय लागण्याचा. सवय लागते ती दुसऱ्या बाटलीची: ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब. पाच मिनिटांत नाक उघडतं म्हणून लोकांना तेच आवडतात. तीन ते पाच दिवसांच्या वर घातले की औषध उतरलं रे उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. महिनोन्‌महिने घालणारी गिऱ्हाइकं मी पाहतो. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे तसा नाही. तो ताबडतोब काही देत नाही आणि थांबवल्यावर नाक उलटत नाही. रक्तात जातो तोही नगण्य, नाकात मारलेल्याच्या दोन टक्क्यांहून कमी.

दत्ता_काका
हा फरक मला माहीत नव्हता. आमच्या घरात थेंबांची बाटली कायम असते, तीच डोक्यात होती. पण जलनेतीच्या पाण्याचं काय ते सांगा. वर्षानुवर्षं नळाचं वापरतोय.

कानाघ_सांगली
काका, नळाच्या पाण्यात मातीतले, साचलेल्या पाण्यातले अमीबा असू शकतात. पिऊन पोटात गेले तर जठरातलं आम्ल त्यांना मारतं. नाकात वर चढले तर गंधाच्या नसेवरून मेंदूपर्यंत जातात. नेग्लेरिया हे त्यातलं नाव. हा आजार फार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक दगावतात. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले होते. ते सगळे काही नाक धुतल्याने झालेले नव्हते, पण पाणी नाकात वर जाणं हीच वाट आहे. आरओचं पाणीही निर्जंतुक नसतं.

म्हणून पाणी उकळायचं. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट, मग झाकून कोमट होऊ द्यायचं. २५० मिली पाण्याला आयोडीन नसलेलं मीठ सपाट अर्ध्या चमच्याला जरा कमी, सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, आणि खाण्याचा सोडा चिमूटभर. चिमूटभर मीठ पुरत नाही, काका. मीठ कमी पडलं की पाणी नाकाला झोंबतं, अस्तर सुजतं आणि लोक म्हणतात जलनेती मानवत नाही. दुकानात तयार पुड्या मिळतात, माप चुकत नाही.

बेसिनवर पुढे वाकून, डोकं एका बाजूला कलतं ठेवून, तोंड उघडं, श्वास तोंडाने. वरच्या नाकपुडीतून पाणी घालायचं, खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. अर्धं एकीकडून, अर्धं दुसरीकडून. जोर लावायचा नाही. नंतर वाकून पाणी गळू द्यायचं आणि हलकेच, एकेक नाकपुडी उघडी ठेवून शिंकरायचं. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानात चढून कान दुखतो. नाक पूर्ण बंद असेल, पाणी दुसरीकडून येतच नसेल तर त्या वेळी करू नये. भांडं रोज धुऊन पूर्ण सुकवायचं.

यातून होतं काय, तर चिकटलेले पराग, धूळ आणि घट्ट स्राव निघून जातो. सूज थोडीशीच उतरते. म्हणून मी याला स्प्रेच्या जागी धरत नाही, स्प्रेच्या आधी धरतो. धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे मारला की औषध अस्तरावर बसतं, शेंबडावर नाही. आधी स्प्रे आणि मग जलनेती केली तर औषध धुऊन जातं.

वाफेने नाक घटकाभर मोकळं वाटतं, बाकी काही नाही. उकळतं पातेलं मांडीजवळ ठेवून मुलांना वाफ देऊ नका, भाजण्याच्या घटना त्यातूनच होतात.

प्रथमेश_पी
मलाही हेच आहे. माझ्या नाकाचं हाड वाकडं आहे असं सांगितलंय, ऑपरेशन केलं की ही ॲलर्जी कायमची जाईल ना? खर्च किती येतो?

कानाघ_सांगली
प्रथमेश, ऑपरेशनने वाट सरळ होते, ॲलर्जी तशीच राहते. शिंका आणि खाज सुरूच राहणार. नीट मारलेला स्प्रे दोन-तीन महिने घेऊनही एकाच बाजूचं नाक कायम बंद असेल तर नाकातल्या वाकड्या पडद्याच्या ऑपरेशनचा विचार करतात. खर्चाचं इथे नको, वेगळा धागा काढा.

शेतमित्र_जुन्नर
गाजरगवताबद्दल थोडं. पार्थेनियमची आपल्याकडची नोंद १९५० च्या दशकातली, तीही पुण्यातलीच. पावसात उगवतं आणि ऑगस्टपासून पांढऱ्या फुलांनी भरतं. पाणी मिळालं तर वर्षभर फुलतं, पण पाऊस ओसरल्यावर, उघडीप मिळाली की पराग आणि सुकलेल्या फुलांचा भुगा हवेत जास्त उडतो. त्याच काळात रानातलं इतर गवतही फुलतं. मेघनाताईंच्या बहिणीचा गणपती ते दिवाळी हा काळ त्याच्याशी जुळतो.

प्लॉट साफ करायचा असेल तर फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं. आता फुललेलं गवत कापलं तर पराग आणि बी दोन्ही पसरतं. तरी काढायचंच असेल तर सकाळी दव असताना काढा, हातमोजे, पूर्ण बाह्या, मास्क घालून. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी तिथे जाऊ नये. अंगावर पुरळ उठणं हा या गवताचा वेगळा त्रास, नाकाला होतो त्याशिवायचा. जाळू तर नकाच, धुराने नाक आणखी बिघडतं.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. इथे ऑगस्टच्या मध्यापासून थंडी पडेपर्यंत रॅगवीडचा हंगाम. ते गाजरगवताच्याच कुळातलं. पुण्याहून आलेल्या अनेकांना पहिल्या-दुसऱ्या वर्षी इथे काही नसतं आणि नंतर नाक सुरू होतं. इथे परागांचा आकडा रोज हवामानासोबत मिळतो, त्यामुळे हंगाम सुरू होण्याआधीच स्प्रे सुरू करतात. फ्लुटिकासोन इथे चिठ्ठीशिवाय मिळतं. माझा प्रश्न: तिकडे आकडा नाही, तर आधी कधी सुरू करायचं?

कानाघ_सांगली
वहीतल्या गेल्या वर्षीच्या तारखेवरून. त्रास ज्या आठवड्यात सुरू झाला त्याच्या एक-दोन आठवडे आधी. बहिणीसाठी म्हणजे गणपती बसण्याच्या सुमारास. सूज चढू न देणं हे चढलेली सूज उतरवण्यापेक्षा कमी औषधात होतं. ज्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये त्रास होतो त्यांची गोष्ट वेगळी: तेव्हा वावळासारखी झाडं फुलतात. आणि पावसाळ्यात घरात ओल असताना त्रास असेल तर गादीतले माइट्स किंवा बुरशी धरायची.

औषधपेढी_सातारा
गोळ्यांबद्दल राहिलं. मेघनाताई, बहीण कोणती डोकेदुखीची गोळी घेते ते पाहा. सर्दी-डोकेदुखीची जोडगोळी म्हणून जी मिळते तिच्यात पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असतं. तोंडाने घेतलेलं फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करत नाही, असं अमेरिकेतल्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलंय. क्लोरफेनिरामिनने झोप येते, स्कूटर चालवायची असेल तर धोक्याचं. आणि वरून वेगळी पॅरासिटामॉल घेतली तर दुप्पट होते. त्यात रक्तदाब असेल तर विचारल्याशिवाय नकोच.

शिंका-खाजेसाठी गोळी हवी असेल तर कमी झोप आणणारी घ्या. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतली तर कमी शोषली जाते, पाण्याबरोबरच घ्यावी. बिलास्टिन जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. मॉन्टेल्युकास्टची जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते, पण त्याने काहींना झोपेत वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी येते. अमेरिकेत २०२० पासून त्याच्यावर ठळक इशारा छापतात. नुसत्या नाकासाठी पहिली निवड ती नसावी. दर हंगामाला 'सर्दीचं इंजेक्शन' घेणारेही असतात. ते लांब टिकणारं स्टेरॉइड असतं, सगळ्या अंगात जातं. त्यापेक्षा नाकातला स्प्रे शतपटीने बरा.

कानाघ_सांगली
रोजच्या पेनकिलरबद्दल एक. साधी पॅरासिटामॉल महिन्यात पंधरा दिवसांहून जास्त, किंवा जोडगोळ्या दहा दिवसांहून जास्त, असं महिनोन्‌महिने चाललं तर औषधच डोकेदुखी टिकवून धरतं. मग नाक मोकळं झालं तरी डोकं दुखत राहतं आणि वहीतले आकडे फसवतात. म्हणून स्प्रे सुरू करताना पेनकिलर कमी करत आणा.

आणि या खुणा दिसल्या तर धाग्यावर न विचारता दवाखान्यात: डोळ्याभोवती सूज किंवा दुहेरी दिसणं, मान आखडून ताप, अचानक कधी न झालेली भयंकर डोकेदुखी, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त किंवा घाण वास.

मेघना_ता
सगळ्यांचे आभार. दत्ता काकांचेही, त्यांनी विचारलं म्हणून पाण्याचं कळलं. बहिणीने स्प्रे कसा मारते ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं: मान मागे, नळी पडद्याकडे, जोरात ओढणं, तिन्ही चुका. दिवाळीची झाडलोट बाकी आहे, ती तिने करूच नये का?

कानाघ_सांगली
माळा आणि जुने कपाट तिने काढू नये, दुसऱ्याने काढावं. बाकी कोरडं झटकायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. केरसुणीऐवजी ओला पोछा. करावंच लागलं तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क. कापडाचा रुमाल बारीक धूळ अडवत नाही. काम संपल्यावर आंघोळ, कपडे बदल, मग नाक धुणं आणि त्यानंतर स्प्रे. त्या रात्रीचा स्प्रे चुकवू नका, कारण सूज रात्रीच चढणार आहे. उशीचे अभ्रे, चादरी आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवायच्या. ॲलर्जीचा हंगाम संपेपर्यंत कपडे गॅलरीत न वाळवता घरात.

मेघना_ता
तीन आठवड्यांनी लिहितेय. वहीतलं असं आहे. सुरुवातीला नाक सात-आठ आणि डोकं सहा-सात. पहिले चार-पाच दिवस जवळजवळ तसंच, ती पुन्हा सोडायला निघाली होती. आठवड्याभरानंतर नाक पाचवर, डोकं चारवर. आता नाक दोन, गालातला जडपणा नाही, वाकल्यावर दुखत नाही. माळा दुसऱ्याने काढला तरी ती घरात होती, त्या रात्री दोन्ही आकडे पाचवर गेले आणि दोन दिवसांत उतरले. पेनकिलर आठवड्यातून एखादी.

पण दोन दिवस असे आहेत की नाक एक आणि डोकं आठ. दोन्ही वेळा उजव्या बाजूला, मळमळ होती, ती अंधारात पडून होती. दोन्ही पाळीच्या आसपास.

शर्वरी_म
मग माझं म्हणणं बरोबर होतं ना, हे मायग्रेनच.

कानाघ_सांगली
ते दोन दिवस बहुतेक मायग्रेनचे, हो. रोजचा गालांचा दाब मात्र नाकाचा होता, तो नाकाच्या औषधाने गेला. तिच्यात दोन्ही आहेत असं दिसतं. ॲलर्जीच्या हंगामात मायग्रेनचे झटके वाढतात का आणि नाक शांत ठेवल्याने कमी होतात का, याची माहिती एकसारखी नाही. काही रुग्णांत होतात, काहींत नाही. मेघनाताई, पुढचे दोन-तीन महिने वही चालू ठेवा, पाळीच्या तारखा त्यात लिहा आणि ती वही घेऊन फिजिशियनकडे जा. वहीत असे दिवस महिन्याला एक-दोनच असतील तर ते उपचार वेगळे, चार-पाच असतील तर वेगळे.

कशाची ॲलर्जी आहे हे नक्की करायचं असेल तर हातावरची टोचून केलेली चाचणी. रक्तातल्या आयजीई नावाच्या ॲलर्जीच्या प्रतिपिंडाच्या एकूण आकड्यावरून काही ठरत नाही. चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या आठवडाभर बंद लागतात, स्प्रे चालतो. स्प्रे आणि गोळीनेही दरवर्षी काम अडत असेल तर त्या चाचणीवरून ॲलर्जीची लस देता येते, पण ती तीन वर्षं नेटाने घ्यावी लागते. बहिणीला सध्या तिची गरज दिसत नाही.

एडिसनकर
स्प्रे थांबवायचा कधी? आणि हळूहळू कमी करत आणायचा का?

कानाघ_सांगली
पुण्याकडे नोव्हेंबर अखेरपर्यंत चालवा, मग एकेक फवाऱ्यावर आठवडा-दोन आठवडे आणि बंद. कमी करत आणण्याची सक्ती नाही, सरळ थांबवलं तरी चालतं. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना स्प्रेबद्दल सांगून ठेवा.

औषधपेढी_सातारा
बाटलीवर बहुधा १२० फवारे लिहिलेले असतात. रोज चार म्हणजे एक महिना. त्यानंतरही दाबल्यावर थोडं काही बाहेर येत राहतं, पण मात्रा सारखी येत नाही, आणि तेव्हाच लोक म्हणतात औषध चालेनासं झालं. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवायला सांगा.